पाचशे पिशव्या वाचवणारी पिशवी

भिलाई-3 मधून बोलतोय. आजच्या भागासाठी समोर टेबलावर चार वस्तू ठेवल्या आहेत: एक कापडी पिशवी, एक पुठ्ठ्याचा टॅग, एक वजनकाटा आणि एक काडेपेटी. काडेपेटी कशाला ते पुढे कळेल.

ही पिशवी आमच्याच भागातल्या महिला बचत गटाने शिवलेली आहे. गटात दोन मराठी ताई आहेत, बाकीच्या छत्तीसगढी. मी निवृत्त माणूस, हिशेब आणि रजिस्टर ठेवायची सवय सैन्याने लावलेली, म्हणून ताई म्हणाल्या, "काका, रायपूरच्या दुकानाला माल द्यायचाय, त्यांनी विचारलंय की टॅगवर जे लिहिलंय त्याचा पुरावा द्या." टॅगवर काय होतं? वाचून दाखवतो. "इको-फ्रेंडली. 100 टक्के नैसर्गिक. प्लॅस्टिकमुक्त. मातीत मिसळणारी. ही एक पिशवी वाचवते 500 प्लॅस्टिक पिशव्या." आणि कोपऱ्यात हिरवं पान. हा मजकूर त्यांनी रचलेला नव्हता. छापखान्याकडे तयार नमुना होता, तो घेतला होता. तुमच्या घरातल्या कापडी पिशव्या काढून बघा, निम्म्यांवर हाच मजकूर असेल.

दुकानदार उगाच अडून बसलेला नव्हता. 15 ऑक्टोबर 2024 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्रीनवॉशिंग म्हणजे पर्यावरणाच्या नावाने वाढवून किंवा लपवून सांगणं. त्यात साधी गोष्ट आहे: 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे मोघम शब्द वापरायचे असतील, तर ते नेमके कशामुळे, हे जोडून सांगा आणि त्याला आधार दाखवा. 'प्लॅस्टिकमुक्त', '100 टक्के नैसर्गिक', 'विघटनशील' अशा नेमक्या दाव्यांना तर पुरावा हवाच. कुणी म्हणेल, आम्ही कुठे जाहिरात करतो? पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या व्याख्येत लेबल, वेष्टन आणि बिलसुद्धा जाहिरातीतच धरलेलं आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बचत गटावर कुणी लगेच धाड घालणार नाही हे मलाही कळतं. पण दुकानदार स्वतःला वाचवायला ऑर्डर थांबवतो, आणि गटाचं नुकसान तिथेच होतं.

(त्या हिरव्या पानाबद्दल विचाराल तर, नुसतं चित्र किंवा हिरवा रंग ही तत्त्वं गुन्हा मानत नाहीत, जोवर त्यातून फसवणूक होत नाही. पण पानाभोवती गोल शिक्का काढून त्यात 'प्रमाणित' लिहिलंत, तर प्रमाणित कुणी केलं ते दाखवावं लागेल.)

आता टॅगवरचं सगळ्यात मोठं वाक्य घेऊ. 500 पिशव्या वाचवते. हा आकडा आला कुठून? कुणालाच माहीत नाही. मग आपण उलटा प्रश्न विचारू: पॉलिथिनच्या पिशवीपेक्षा कापडी पिशवी बरी ठरायला ती किती वेळा वापरावी लागते? याचा अभ्यास झालेला आहे. वस्तू बनवण्यापासून फेकण्यापर्यंतचा सगळा हिशेब मांडतात, त्याला जीवनचक्र अभ्यास म्हणतात. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने 2011 मध्ये असा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी धरलेली कापडी पिशवी सरासरी 183 ग्रॅमची होती आणि दुकानात मिळणारी पातळ प्लॅस्टिक पिशवी जेमतेम 8 ग्रॅमची. हवामानावरच्या परिणामापुरतं बघितलं, तर सुती पिशवी 131 वेळा वापरली की ती पातळ पिशवीच्या बरोबरीला येते. आणि लोक ती पातळ पिशवी घरी नेऊन कचऱ्याच्या डब्यात लावत असतील, म्हणजे तिचा दुसरा उपयोग होत असेल, तर हा आकडा आणखी वाढतो. दहापैकी चार पिशव्या तशा वापरल्या गेल्या तर 173, सगळ्याच वापरल्या गेल्या तर 327.

हे ऐकून पहिल्यांदा धक्का बसतो. कारण सोपं आहे. कापूस पिकवायला पाणी, खत, फवारणी लागते. मग सूत काढणं, विणणं, धुणं, रंगवणं, या प्रत्येक ठिकाणी वीज आणि उष्णता लागते. आणि पिशवी वजनाने वीस-बावीस पट जड आहे. प्लॅस्टिक हलकं असतं, म्हणून बनवताना त्याचा भार कमी पडतो.

2018 च्या फेब्रुवारीत डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने दुसरा अभ्यास काढला. त्यातला आकडा तुम्ही व्हॉट्सअॅपवर वाचला असेल: सुती पिशवी 7,100 वेळा वापरा, ऑरगॅनिक सुती असेल तर 20,000 वेळा. रोज वापरली तरी पंचावन्न वर्षं! आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ हा आकडा दाखवून पॉलिथिनचं समर्थन करतात. पण त्याच अहवालात हवामानापुरता आकडा साध्या सुती पिशवीसाठी 52 आहे आणि ऑरगॅनिकसाठी 149. मग 7,100 कुठून आले? त्यांनी बऱ्याच प्रकारचे परिणाम मोजले आणि ज्यात कापूस सगळ्यात वाईट ठरला, म्हणजे ओझोन थराचा परिणाम, त्या एका निकषाचा आकडा पुढे आला. ऑरगॅनिकचा आकडा वाढण्याचं एक कारण म्हणजे तिथे निवडलेली पिशवी लहान होती, म्हणून एकाऐवजी दोन धराव्या लागल्या. आणि तुलना होती ती तिथल्या जाड सुपरमार्केट पिशवीशी, आपल्याकडच्या भाजीवाल्याच्या चिमूटभर पिशवीशी नाही.

म्हणजे बघा, एकाच सुती पिशवीला 52 पासून 7,100 पर्यंत आकडे मिळतात. पिशवी किती वजनाची, कशाशी तुलना, कोणता परिणाम मोजला, यावर सगळं अवलंबून. यातला सोयीचा आकडा उचलून टॅगवर छापणं हेच मुळात ग्रीनवॉशिंग आहे, मग तो आकडा कितीही मोठ्या अहवालातला असो. आणि उलट बाजूने 7,100 चा धाक घालणं तितकंच खोटं. शिवाय दोन्ही अभ्यासांच्या या आकड्यांत एक गोष्ट मोजलेलीच नाही: उघड्यावर पडलेला कचरा. नाल्यात अडकलेली, गाईच्या पोटात गेलेली पिशवी त्या हिशेबात येत नाही. आपल्या गावांमध्ये तर त्रास तोच आहे. माझ्या मते कापडी पिशवीची खरी बाजू तिथे आहे, हवामानात नाही. पण ते माझं मत. टॅगवर आकड्याने छापण्याजोगा पुरावा त्याचा आपल्याकडे नाही.

आता आपल्या पिशवीचं बघू. दोन पुढचे-मागचे तुकडे, शिवण आणि पट्टी धरून प्रत्येकी 38 गुणिले 45 सेंटिमीटर. दोन बंद, प्रत्येकी 60 गुणिले 9. सगळं मिळून जवळपास 0.45 चौरस मीटर कापड. कापड 200 जीएसएमचा कोरा मांजरपाट, म्हणजे एका चौरस मीटरला 200 ग्रॅम. गुणाकार 90 ग्रॅम येतो, आणि काट्यावरही, हे बघा, दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे. ब्रिटिश पिशवीच्या निम्मी. रंगवलेली नाही, ब्लीच केलेली नाही. म्हणजे बरोबरीला यायला तिला 131 पेक्षा कमी फेऱ्या लागतील, हे खात्रीने वाटतं. किती कमी? नुसतं वजनाच्या प्रमाणात काढलं तर साठ-पासष्ट. पण तो आकडा मी छापू दिला नाही. आपली पिशवी लहान आहे, आपली वीज कोळशाची आहे, आणि आपल्याकडचं पॉलिथिन त्यांच्यापेक्षा पातळ असतं. यातली एकेक गोष्ट आकडा हलवते. त्या गुणाकारातून दिशा कळते, दावा निघत नाही.

दिशा अशी की पिशवी हलकी असेल तेवढी बरी, पण टिकली पाहिजे. मग टिकते का? हे मात्र आपण स्वतः मोजू शकतो, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात पुन्हा वापरायच्या पिशवीची एक कसोटी घातलेली होती: 22 पौंड, म्हणजे सुमारे 10 किलो वजन, 175 फूट, म्हणजे 53 मीटर, असं किमान 125 वेळा वाहून नेता आलं पाहिजे. आपल्याला तो कायदा लागू नाही. पण कसोटी करण्यासारखी आहे, म्हणून उचलली. दहा किलो तांदूळ, मैदानावर चुन्याने दोन रेघा, आणि 125 फेऱ्या. एकूण साडेसहा किलोमीटरच्या थोडं वर. आमच्या ताईंनी तीन दिवसांत आळीपाळीने केलं. दर 25 फेऱ्यांनंतर पिशवी धुवायची, वाळवायची, शिवण तपासायची आणि वहीत लिहायचं. कोण चाललं, तारीख काय, काय दिसलं.

निकाल सांगतो. दोन जाडीची कापडं घेतली होती, 140 जीएसएम आणि 200 जीएसएम. बंद लावायच्या दोन पद्धती, एक नुसती आडवी दुहेरी शिवण आणि दुसरी चौकोन काढून त्यात फुली. पातळ कापड बंदाच्या मुळाशी फाटलं. शिवण शाबूत होती, कापडच विरलं. जाड कापडावर आडव्या शिवणीचा बंद शंभरीच्या आत उसवला. जाड कापड आणि फुलीची शिवण, त्या पिशव्या पूर्ण 125 गेल्या. मग निर्णय आपोआप झाला. कापड 200 चं ठेवायचं, आणि प्रत्येक बंदाला फुली. एका पिशवीमागे दीड-दोन मिनिटं जास्त जातात. याच धुण्यात कळलं की कोरा मांजरपाट पहिल्या पाण्यात आटतो, म्हणून टॅगवर पिशवीचं माप लिहायचं तर धुतल्यानंतरचं लिहायचं.

आता काडेपेटी. '100 टक्के नैसर्गिक' आणि 'प्लॅस्टिकमुक्त'. ठोक बाजारात 'कॉटन' म्हणून मिळणारं कापड पुष्कळदा पॉलिएस्टर मिसळलेलं असतं, आणि बिलावर नुसतं 'कॉटन' लिहून येतं. कापडाच्या कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढा, म्हणजे ताणा वेगळा आणि बाणा वेगळा, कारण कधी एकाच दिशेला भेसळ असते. चिमट्यात धरा आणि पेटवा. सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे मऊ करडी राख राहते, बोटाने चुरडली की उडून जाते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. राखेत बोटाला खडा लागला की मिश्रण आहे समजा. मिश्रण किती टक्के, हे काडी सांगत नाही. त्यासाठी नमुना टेक्स्टाइल्स कमिटीच्या किंवा दुसऱ्या मान्य प्रयोगशाळेत द्यावा लागतो. पण दर ताग्याला काडी लावून राखेचा निकाल आणि कापडाचा तुकडा बिलाला टाचून ठेवला, तर ते घरचं पण तपासता येणारं कागदपत्र होतं. व्यापाऱ्याला सांगा, बिलावर '100 टक्के सुती, 200 जीएसएम' लिहून द्या. जो लिहून देत नाही त्याचा माल 'शंभर टक्के' म्हणून विकू नका.

ती दुसरी पिशवी, मिठाईच्या दुकानात मिळते ती, कापडासारखी दिसणारी, जवळून बघितलं तर बारीक ठिपके दाबलेले आणि विणकामाचा धागाच नाही. ती नॉन-वोव्हन. ती कापड नव्हेच, पॉलिप्रोपिलीन आहे, म्हणजे प्लॅस्टिक. 2021 पासून नियमाप्रमाणे 60 जीएसएमपेक्षा पातळ असेल तर ती विकताही येत नाही. काडी लावा, मेणासारखी वितळून थेंब पडेल. बाजारात तिच्यावरही 'इको-फ्रेंडली' छापलेलं असतं.

आमचं कापड शुद्ध सुती निघालं. पण दोरा? रिळावर स्पष्ट लिहिलंय, पॉलिएस्टर. मग 'प्लॅस्टिकमुक्त' कसं म्हणणार? ताई म्हणाल्या, सुती दोरा आणू. मी म्हटलं, आणून 125 फेऱ्या करून बघा. त्यांनी बंदाचा जोड सुती दोऱ्याने शिवला आणि तो लवकर तुटला. पिशवीचं सगळं गणित टिकण्यावर आहे, म्हणून दोरा पॉलिएस्टरचाच ठेवला आणि शब्द काढून टाकला. छापाईचंही तसंच. रबरासारखा जाड, चकचकीत, नखाने सोलता येणारा छाप असेल तर शाई बहुधा प्लॅस्टिसॉल, म्हणजे पीव्हीसीची. छापखान्याला पाण्यात कालवायचा रंग वापरायला सांगितला. त्यातही रंग कापडाला धरून ठेवणारं चिकटण कृत्रिमच असतं, म्हणून तिथेही मोठा शब्द नको. 'मातीत मिसळणारी' याच कारणाने गेलं. सूत कुजतं हे खरं, पण किती दिवसांत, कसल्या मातीत, आणि दोऱ्याचं काय, याचं उत्तर नसताना ते लिहायचं नाही.

'ऑरगॅनिक' हा शब्द टॅगवर नव्हता, पण एका ग्राहकाने सुचवला होता. विदर्भातला कापूस म्हणजे ऑरगॅनिक, असं त्यांना वाटत होतं. आपल्याकडचा बहुतेक कापूस बीटी वाणाचा आहे, आणि ऑरगॅनिकला शेतापासून शिलाईपर्यंत प्रत्येक टप्प्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातही 2020 मध्ये जीओटीएस या प्रमाणन संस्थेलाच भारतात 20,000 टन कापसाची खोटी कागदपत्रं सापडली आणि 11 कंपन्यांवर बंदी घालावी लागली. कागद असूनही ही गत, तर कागदाशिवाय तो शब्द कशाला?

गटाचा दुसरा माल जुन्या कापडाचा. नवीन कापूस पिकवायचा, विणायचा सगळा भार इथे नाही, कारण कापड आधीच वापरून झालेलं आहे. म्हणून माझ्या दृष्टीने ही जास्त चांगली पिशवी. पण दावा सिद्ध कसा करणार? रजिस्टरने. तारीख, कुठून आलं, किती किलो आलं, कापून वापरायला किती निघालं, किती पिशव्या झाल्या. महिन्याच्या शेवटी किलो आणि पिशव्या जुळल्या पाहिजेत. आलेल्या कापडापेक्षा पिशव्यांचं वजन जास्त भरलं, तर मधे नवीन कापड शिरलंय. सैन्यात स्टोअरची मोजणी आम्ही हेच करून करायचो. आणखी दोन गोष्टी. शिंप्याकडची कातरण हे 'वापरलेलं कापड' नाही, ते उरलेलं नवीन कापड आहे. दोन्ही चांगलं, पण नाव वेगळं लिहायचं. आणि जुन्या साड्या बहुतांशी पॉलिएस्टरच्या असतात, म्हणून त्या पिशवीवर 'सुती' लिहायचं नाही.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. आपण कितीही चांगली पिशवी शिवली, ती 125 वेळा वापरणं ग्राहकाच्या हातात आहे. गटाच्या मोठ्या ऑर्डरी कुठून येतात? संक्रांतीच्या हळदी-कुंकवाचं वाण, लग्नातली भेट, संस्थेचा कार्यक्रम. मी माझ्या घरातलं कपाट उघडलं, वाणाच्या आलेल्या चौदा पिशव्या निघाल्या, घड्या न मोडलेल्या. दोनच वापरात. ज्या घरी आधीच दहा आहेत तिथे अकरावी पिशवी एकही पॉलिथिन वाचवत नाही, नुसता कापूस खर्च करते. यावर गटाने ठरवलं ते मला आवडलं. वाणाची ऑर्डर घेताना ताई विचारतात, पिशवीच द्यायचीय की भाजीसाठी बारीक जाळीची थैली चालेल, धान्याला नाडीची थैली चालेल, जी बायकांकडे नसते? थोड्या ऑर्डरी कमी झाल्या, थोड्या बदलल्या. आणि 'इतक्या पिशव्या विकल्या म्हणजे इतकं प्लॅस्टिक वाचलं' असं वाक्य ते कुठेही लिहीत नाहीत, कारण विकणं आणि वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नवा टॅग वाचतो. "कापड 100 टक्के सुती, न रंगवलेलं, 200 जीएसएम. शिलाईचा दोरा पॉलिएस्टर. वजन सुमारे 90 ग्रॅम. 10 किलो वजनासह 125 फेऱ्या आणि 5 धुण्यांची चाचणी आम्ही स्वतः केली आहे. कापडी पिशवीचा फायदा ती पुन्हा पुन्हा वापरल्यावरच होतो. बंद उसवला तर आणून द्या, फुकट शिवून देऊ." खाली क्यूआर कोड. तो उघडला की चाचणीच्या वहीची पानं, कापडाचं बिल, राखेच्या तपासणीची नोंद. तत्त्वांमध्ये माहिती क्यूआर कोडने द्यायला मुभा आहे, म्हणून पुठ्ठ्यावर सगळं कोंबायची गरज नाही.

रायपूरच्या दुकानदाराने पहिल्यांदा वाचून विचारलं, "इको-फ्रेंडली कुठे गेलं?" ताईंनी त्याला वही दाखवली. त्याने दोनशे पिशव्या घेतल्या. 'फुकट शिवून देऊ' हे वाक्य त्याला खटकलं, दुकानात उसवलेल्या पिशव्या कोण सांभाळणार म्हणून. शेवटी ठरलं की तो एका डब्यात टाकेल आणि माल पोचवायला गेलेल्या ताई परत आणतील. आत्तापर्यंत सात आल्या आहेत. सातही जणींचा बंद नव्हे, तळाची शिवण गेलेली आहे, आणि फेऱ्यांच्या चाचणीत तळ तपासायचा राहिला होता. पुढच्या आठवड्यात तांदळाऐवजी कोपरे टोचणारं काहीतरी, बहुतेक नारळ आणि डब्बे, घालून पुन्हा 125 फेऱ्या आहेत. निकाल त्याच क्यूआरवर लागेल.